९९२ युरोंत काय बसते : जर्मनीतील प्रवेश स्वीकारण्यापूर्वी मांडलेल्या मासिक खर्चाचा एक प्रकरण अभ्यास

जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात सांगलीतील एका सहकारी साखर कारखान्यात नोकरी करणारे गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मी बँकेच्या शैक्षणिक कर्ज विभागात बरीच वर्षे काढून निवृत्त झालो आहे, आणि ओळखीतली मंडळी अधूनमधून कागद दाखवायला येतात. मुलीचे वय २४, शिक्षण यांत्रिक अभियांत्रिकीचे. तिच्याकडे जर्मनीतील दोन प्रवेशपत्रे होती, एक म्युनिकचे आणि एक डॉर्टमुंडचे. दोन्ही ठिकाणी तिच्या अभ्यासक्रमाला शिकवणी शुल्क नव्हते आणि दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे होते. म्युनिकच्या प्रवेशाला पंधरा दिवसांत होकार कळवायचा होता आणि घरातल्यांचे मन म्युनिककडे झुकलेले होते.

त्यांनी सोबत आणलेला हिशेब एका ओळीचा होता : ९९२ युरो गुणिले २४ महिने, म्हणजे २३,८०८ युरो, तेव्हाच्या दराने एका युरोला सुमारे शंभर रुपये धरून पावणेचोवीस लाखांच्या थोडे वर. बँकेने २४ लाखांचे कर्ज मंजूर केले होते आणि वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून आणखी तीन लाख निघू शकत होते. एकूण २७ लाख हाताशी असल्याने तीन लाख शिल्लक राहतील, असे त्यांना वाटत होते. ज्या सल्लागाराने अर्ज भरून दिले होते त्याने सांगितले होते की ९९२ युरो हा आकडा खुद्द जर्मन सरकारने ठरवलेला आहे, त्यामुळे त्यात सगळे भागतेच.

आकडा सरकारी आहे हे खरे. व्हिसासाठी विद्यार्थ्याला एका बंद खात्यात, ज्याला जर्मनमध्ये श्पेरकोंटो म्हणतात, वर्षभराची रक्कम आधी भरून ठेवावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, आणि तिथे पोहोचल्यावर खात्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. चूक आकड्यात नव्हती. हा आकडा कशाकशाची बेरीज आहे, हे कोणी उघडून पाहिले नव्हते.

ती बेरीज जर्मन विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी अर्थसाहाय्याच्या, म्हणजे बाफोगच्या, कमाल मर्यादेवरून घेतलेली आहे. तीत रोजच्या गरजांसाठी ४७५ युरो, राहण्यासाठी ३८० युरो, आरोग्य विम्यासाठी १०२ युरो आणि शुश्रूषा विम्यासाठी, म्हणजे दीर्घकाळच्या देखभालीच्या सक्तीच्या विम्यासाठी, ३५ युरो धरलेले आहेत. या चार रकमांची बेरीज बरोबर ९९२ होते. म्हणजे सरकारी आकड्यात घरभाड्यासाठी जागा आहे ती ३८० युरोंची, आणि ती म्युनिकला तेवढीच आहे जेवढी पूर्वेकडच्या एखाद्या लहान गावाला. व्हिसा देणाऱ्या कार्यालयाला देशभर एकच आकडा लागतो, तो त्यांच्या कामाला योग्यही आहे. पण एका विशिष्ट शहरात एका विशिष्ट मुलीला महिन्याला किती लागतील, हे त्यातून कळत नाही.

म्हणून आम्ही ती बेरीज पुन्हा मांडली, आणि सुरुवात भाड्यापासून केली, कारण बाकीच्या कोणत्याही रकान्यात शहरागणिक एवढा फरक पडत नाही.

भाडे

जर्मनीत बहुतेक विद्यार्थी सामायिक सदनिकेतील एका खोलीत राहतात. तिला वेगे म्हणतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर समाईक असते. मोझेस मेंडेल्सझोन संस्था आणि wg-gesucht.de हे संकेतस्थळ मिळून दर सेमिस्टरला अशा खोल्यांच्या जाहिरातींतील भाड्यांचा आढावा घेतात. २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरमध्ये देशाची सरासरी ४८९ युरो होती आणि म्युनिकची ७९०. केवळ ही एक ओळ वाचूनही ३८० चा आकडा म्युनिकसाठी बाजूला ठेवावा लागतो.

सरासरीवर मात्र थांबू नये, असे माझे मत आहे. सरासरीत महागड्या सजवलेल्या खोल्याही येतात, आणि नुकत्याच आलेल्या परदेशी मुलीला कधीच न मिळणाऱ्या जुन्या स्वस्त खोल्याही येतात. म्हणून मी मुलीला एक काम दिले : आठ दिवस रोज त्या संकेतस्थळावर जाऊन ऑक्टोबरपासून मिळणाऱ्या म्युनिकच्या तीस खोल्या वहीत उतरवायच्या, आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहायच्या. पहिली, भाडे थंड आहे की उबदार. दुसरी, खोली कायमची आहे की दोन-तीन महिन्यांपुरती. तिसरी, तिथे पत्त्याची नोंदणी करता येईल की नाही.

थंड आणि उबदार हे शब्द त्यांच्याकडचेच आहेत. काल्टमीटे म्हणजे निव्वळ जागेचे भाडे. वार्ममीटे म्हणजे त्यात तापवण्याचा खर्च, पाणी, कचरा, इमारतीची देखभाल हे सारे मिळवलेले भाडे. जाहिरातीत ५४० लिहिलेले असते, आणि करारावर सही करताना ते ६५० होते, तेव्हा फसवणूक झाली असे वाटते. खरे तर पहिला आकडा थंड भाड्याचा असतो. उबदार भाड्यातही वीज आणि इंटरनेट बहुधा धरलेले नसतात. शिवाय तापवण्याची रक्कम ही अंदाजे उचल असते. वर्ष संपल्यावर घरमालक प्रत्यक्ष वापराचा हिशेब काढतो, त्यासाठी त्याला बारा महिन्यांची मुदत असते, आणि वापर जास्त झाला असेल तर फरकाची रक्कम एकदम भरावी लागते. सांगलीच्या हवेत वाढलेली मुलगी पहिल्या हिवाळ्यात रेडिएटर पूर्ण उघडा ठेवते. त्याचे बिल पुढच्या वर्षी येते.

पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. निवासाच्या परवान्यापर्यंतची पुढची कामे या नोंदणीवर अडतात. जाहिरातीत नोंदणी शक्य नाही असे लिहिलेली स्वस्त खोली म्हणून हिशेबात धरायचीच नाही. तीसपैकी सात खोल्या याच कारणाने गळाल्या. नऊ खोल्या थोड्या महिन्यांपुरत्या होत्या. दोन जाहिरातींत मालक परदेशात असल्याचे सांगून अनामत आधी पाठवायला आणि किल्ली टपालाने घ्यायला सुचवले होते. शहराच्या मानाने भाडे फारच कमी आणि खोली पाहण्याची सोय नाही, ही दोन लक्षणे एकत्र दिसली की तो बनाव समजावा. उरलेल्या बारा खोल्यांची उबदार भाडी चढत्या क्रमाने लावली तेव्हा मधला आकडा ७२० युरो आला. शहराबाहेर डाखाऊ किंवा फ्रायझिंगच्या बाजूला मात्र ६५० च्या आसपास खोल्या दिसत होत्या.

विद्यार्थी वसतिगृहांचा विचार अर्थातच झाला. सरकारी विद्यार्थी सेवा संस्थेची वसतिगृहे खासगी खोल्यांपेक्षा बरीच स्वस्त असतात, पण म्युनिकमध्ये त्यांची प्रतीक्षायादी कित्येकदा दोन-तीन सेमिस्टर चालते. अर्ज पहिल्याच दिवशी करावा, आणि हिशेबात मात्र ते धरू नये.

प्रवास, जो भाड्याशी बांधलेला आहे

प्रवासाचा रकाना छोटा आहे, पण तो भाड्याच्या रकान्यावर परिणाम करतो, म्हणून येथेच घेतो. म्युनिक ज्या राज्यात येते त्या बव्हेरियातील विद्यार्थ्यांना २०२५ मध्ये जर्मनी-तिकीट सवलतीत महिना ३८ युरोंना मिळत होते. इतरांना तेच ५८ युरोंना पडत होते. या तिकिटावर देशभरातील शहर बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि प्रादेशिक गाड्या चालतात; लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत.

पुण्या-मुंबईच्या सवयीने आपण असे समजतो की लांब राहिले की भाडे वाचते आणि पासावर जाते. येथे तसे नाही. डाखाऊहून म्युनिकच्या मुख्य स्थानकापर्यंत लोकल गाडीने वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि तिकीट तेच ३८ युरोंचे राहते. वाढतो तो फक्त वेळ. त्यामुळे आम्ही म्युनिकच्या हिशेबात भाडे ७२० ऐवजी ६५० धरले, आणि रोजचा तासाभराचा प्रवास मान्य केला. मुलीची त्याला हरकत नव्हती; इस्लामपूरहून सांगलीला महाविद्यालयात येताना तिने चार वर्षे त्याहून अधिक वेळ एसटीत काढला होता.

आरोग्य विमा

सल्लागाराच्या पत्रकात विम्यापुढे ३५ युरो लिहिलेले होते. हा आकडा कुठून आला ते शोधल्यावर कळले की तो प्रवासी प्रकारच्या एका खासगी विम्याचा होता. असा विमा व्हिसा घेताना आणि विमानातून उतरल्यापासून खरा विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी उपयोगी पडतो. विद्यापीठात नाव नोंदवताना मात्र तो चालत नाही. तेथे एखाद्या सार्वजनिक विमा संस्थेने, म्हणजे क्रांकेनकासेने, विद्यार्थ्याची विम्याची स्थिती विद्यापीठाला परस्पर संगणकावरून कळवावी लागते, आणि त्याशिवाय नोंदणी पूर्ण होत नाही.

सार्वजनिक विम्याचा विद्यार्थी दर वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत मिळतो आणि तो मोजण्याची रीत ठरलेली आहे. पाया म्हणून ८५५ युरो धरतात. त्यावर १०.२२ टक्के मूळ वर्गणी, म्हणजे ८७.३८ युरो. त्यावर त्या-त्या संस्थेची अतिरिक्त वर्गणी, जी २०२५ मध्ये अनेक ठिकाणी अडीच टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे सुमारे २१ युरो. आणि शेवटी शुश्रूषा विमा, जो २०२५ मध्ये ३.६ टक्के होता, पण २३ वर्षे पूर्ण झालेल्या अपत्यहीन व्यक्तीला ४.२ टक्के पडतो. आमची विद्यार्थिनी २४ वर्षांची असल्याने तिला सुमारे ३६ युरो. एकूण महिना १४४ युरो. बंद खात्याच्या बेरजेत विम्यासाठी १३७ धरलेले आहेत. तो आकडा २०२४ चा आणि वर्गण्या जानेवारी २०२५ मध्ये वाढलेल्या, म्हणून या एका रकान्यात सरकारी आकडाही सात युरोंनी मागे पडला होता.

३५ आणि १४४ यांच्यातला फरक महिन्याला १०९ युरोंचा आहे, आणि वडिलांनी साहजिकच विचारले की स्वस्तातला एखादा पूर्ण खासगी विमा घेता येणार नाही का. घेता येतो, त्यासाठी सुरुवातीलाच सार्वजनिक विम्यातून सूट मागावी लागते. पण एकदा ती सूट घेतली की त्या शिक्षणाच्या काळात सार्वजनिक विम्यात परत येता येत नाही. खासगी विम्यात बहुधा आधी डॉक्टरचे बिल आपण भरायचे आणि मग पैसे मागायचे, आणि जुने आजार बरेचदा वगळलेले असतात. मुलीला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे. हा मुद्दा तिथेच संपला.

सार्वजनिक विम्याची वर्गणी थकवणेही परवडत नाही, कारण थकबाकीची माहिती विमा संस्था विद्यापीठाला कळवते आणि पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडू शकते. महिन्याच्या खर्चात काटकसर करायची झाली तर हा रकाना शेवटचा, असे मी तिला लिहून दिले.

किराणा आणि जेवण

येथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. आई भाजीचा युरोतला दर शंभराने गुणून घाबरते, आणि मुलगी मी काय, वरणभातावर राहीन असे म्हणून सगळेच शून्यावर आणते. आम्ही आठवड्याची एक टोपली लिहून काढली. आल्डी, लिडल किंवा पेनीसारख्या स्वस्त दुकानांच्या चालू पत्रकांवरून त्यात दूध, दही, दहा अंडी, पाव, तेल, तांदूळ, कांदा, बटाटा, टोमॅटो, गाजर, कोबी आणि फळे घातली. तूरडाळ, गव्हाचे पीठ, मसाले आणि पोहे भारतीय किंवा तुर्की दुकानातून महिन्यातून एकदा आणायचे ठरवून त्यांचा चौथा हिस्सा टोपलीत मिळवला. भेंडी, मेथी, कारले या टोपलीत नाहीत, कारण ती तिथे विमानाने येतात आणि त्यांचा किलोचा दर कोबीच्या कित्येक पट असतो. टोपली ३४ युरोंची झाली.

मुलीने लगेच ३४ ला चारने गुणले. महिन्यात आठवडे चार नसतात, सव्वाचारांहून थोडे अधिक असतात. वर्षाचे ५२ आठवडे बाराने भागले की ४.३३ येतात. चारने गुणल्यास १३६ युरो होतात आणि ४.३३ ने १४७. फरक अकराच युरोंचा आहे, पण वर्षाला तो १३२ युरोंचा होतो, म्हणजे जवळजवळ महिनाभराचा किराणा. भाडे, विमा आणि तिकीट महिन्याने जातात म्हणून तिथे ही चूक होत नाही. ती फक्त किराण्यात होते आणि म्हणूनच लक्षात येत नाही.

विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे भोजनगृहात, विद्यार्थ्याला दुपारचे साधे जेवण साडेतीन युरोंच्या आसपास पडते. महिन्यात पंधरा जेवणे धरून ५२ युरो. आणखी २० युरो बाहेरचा चहा, मित्रमंडळींकडची जेवणे आणि रिकामा रविवार यांसाठी ठेवले. रविवारी तिथली दुकाने बंद असतात आणि शनिवारी विसरलेली वस्तू स्थानकावरच्या दुकानात दुप्पट पैशांना घ्यावी लागते. एकूण जवळपास २२० युरो.

बेरीज

म्युनिकचा हिशेब असा झाला. उबदार भाडे ६५०. वीज, इंटरनेट आणि नभोवाणी-दूरचित्रवाणी शुल्क मिळून ३१. हे शुल्क घरटी महिना १८.३६ युरो असते, टीव्ही असो वा नसो, आणि तीन जणींच्या घरात तिच्या वाट्याला ६ युरो येतात. विमा १४४, तिकीट ३८, जेवण २२०, मोबाइल १०. विद्यापीठात दर सहा महिन्यांनी भरायची सेमिस्टरची वर्गणी शंभर युरोंच्या आत असल्याने तिचा महिन्याचा वाटा १६. पुस्तके, कपडे, औषधे आणि केस कापणे यांसाठी ६०. एकूण ११६९ युरो, म्हणजे ९९२ पेक्षा १७७ ने जास्त. बंद खात्यातून महिन्याला ९९२ च बाहेर येतात, तेव्हा ही तूट दर महिन्याला वेगळ्या मार्गाने तिथे पोहोचवावी लागणार होती.

त्याच कागदावर शेजारी डॉर्टमुंड लिहिले. तिथल्या खोल्या त्याच पद्धतीने गाळल्यावर मधले उबदार भाडे ४२० निघाले. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात जर्मनी-तिकीट सेमिस्टरच्या वर्गणीतच येते, त्या वेळी महिना ३४.८० युरोंच्या दराने. वर्गणी सव्वातीनशे-साडेतीनशेच्या दरम्यान होती, ती महिन्याला ५५ धरली आणि प्रवासाचा वेगळा रकाना काढून टाकला. हे महत्त्वाचे आहे, कारण वर्गणीतील तिकीट पुन्हा प्रवासात लिहिल्याने एकच खर्च दोनदा मोजलेले कागद मी पाहिले आहेत. विमा तोच, कारण तो शहरावर अवलंबून नाही. जेवणही तेच ठेवले. बेरीज ९४० आली. दोन शहरांतील फरक महिन्याला २२९ युरो, २४ महिन्यांत साडेपाच हजारांच्या जवळ.

पहिला महिना

मासिक बेरीज बरोबर असूनही माणूस पहिल्याच महिन्यात अडकतो, कारण पहिला महिना सरासरीसारखा नसतो. घराची अनामत कायद्याने तीन थंड भाड्यांपर्यंत घेता येते. म्युनिकच्या ५४० च्या थंड भाड्यावर ती १६२० युरो होते. कायदा ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याची मुभा देतो, पण चाळीस उमेदवार रांगेत असलेल्या शहरात हप्ते मागणाऱ्याला खोली मिळण्याची शक्यता मी फारशी धरत नाही. तिच्यात पहिले भाडे ६५०, खोली मिळेपर्यंत दहा रात्रींचे ४००, अंथरूण, भांडी आणि हिवाळी कोट यांचे ३००, विमा १४४, तिकीट ३८ आणि नव्या घराचा पहिला किराणा २५० मिळवले की ३४०२ युरो होतात.

बंद खात्यात बारा हजार पडलेले असले तरी त्यातून या महिन्यात ९९२ च मिळतात, आणि तेही तिथल्या बँकेत चालू खाते उघडल्यावर. खाते उघडायला काही बँका पत्त्याची नोंदणी मागतात, नोंदणीला घर लागते आणि घराला अनामत. म्हणून पहिल्या महिन्याचे सर्व पैसे फॉरेक्स कार्डावर वेगळे न्यायचे, असे ठरले. अनामत हा खर्च नाही, ती शेवटी परत मिळते. पण ऑक्टोबरमध्ये ती रोख द्यावी लागते. डॉर्टमुंडसाठी हीच गरज अडीच हजारांच्या आसपास आली. तिथला पहिला हप्ता उशिरा का होईना मिळणार असल्याने त्यातील दोन हजार युरो वरकड खर्च म्हणून धरले.

निर्णय

आता २७ लाखांपुढे दोन आकडे ठेवता आले. दोन्हीकडे दुसऱ्या वर्षासाठी भाव आणि विनिमय दर मिळून पाच टक्के वाढ धरली आणि विमान, व्हिसा, कागदपत्रे यांचे पाऊण लाख मिळवले. म्युनिकला साधारण ३२ लाख लागत होते, डॉर्टमुंडला २६ लाखांच्या आत-बाहेर.

सल्लागाराचे म्हणणे होते की म्युनिकची तूट अर्धवेळ नोकरीने भरून निघेल. आकड्यांत ते अशक्य नव्हते. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. २०२५ चे किमान वेतन तासाला १२.८२ युरो होते आणि मिनीजॉबची, म्हणजे छोट्या अर्धवेळ कामाची, महिन्याच्या कमाईची मर्यादा ५५६ युरो, म्हणजे महिन्याला ४३ तासांचे काम. मी तिला विचारले, जर्मन किती येते? ए-टू, म्हणजे प्राथमिक, पातळी झाली होती. त्या पातळीवर पहिल्या हिवाळ्यात मिळते ते गोदामातले किंवा जेवण पोहोचवण्याचे काम, आणि पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा त्याच वेळी असतात. माझा नियम असा आहे की पहिल्या वर्षाच्या हिशेबात कमाई शून्य लिहायची. मिळाली तर ती अनामतीसारखी, वरची.

पाच लाखांची तूट असलेला प्रवेश तिने नाकारला आणि डॉर्टमुंडला होकार कळवला. वडिलांना दोन दिवस म्युनिकचे वाईट वाटले. मुलीने अभ्यासक्रमांची तुलना आधीच केली होती आणि उत्पादन अभियांत्रिकीसाठी तिला डॉर्टमुंड कमी वाटत नव्हते. ती माझ्यापुढे फक्त पैशांचा भाग घेऊन आली होती.

चार महिन्यांनंतरचा कागद

फेब्रुवारी २०२६ मध्ये तिने जानेवारीचा प्रत्यक्ष खर्च पाठवला. भाडे, वीज आणि इंटरनेट मिळून ४६२, म्हणजे अंदाजापेक्षा ११ जास्त. विमा १४६, कारण तिच्या विमा संस्थेने नव्या वर्षात अतिरिक्त वर्गणी वाढवली. सेमिस्टर वर्गणीचा वाटा ५५, मोबाइल १०, इतर ७०. जेवण २०५, ऑक्टोबरमध्ये तेच ३१० झाले होते, कारण स्वयंपाकघर लागायला तीन आठवडे गेले. एकूण ९४८. बंद खात्याचा पहिला हप्ता तिला पोहोचल्यानंतर सत्ताविसाव्या दिवशी मिळाला, आणि तोवर ती कार्डावरच्या पैशांवर होती.

माझा अंदाज चुकला तो वेगळ्याच ठिकाणी. आम्ही युरो शंभर रुपयांना धरला होता, आणि पहिल्या वर्षाचे ११,९०४ युरो त्याच सुमारास बंद खात्यात गेल्यामुळे ते सुरक्षित राहिले. जानेवारी २०२६ पर्यंत युरो १०५ च्या वर गेला. महिन्याचे ९४० युरो तिथे तेवढेच राहून सांगलीत ९४ हजारांचे साडेनव्याण्णव हजार झाले. दुसऱ्या वर्षासाठी धरलेली पाच टक्के वाढ एकट्या विनिमय दरानेच खाऊन टाकली होती. उन्हाळी सेमिस्टरपासून तिकिटाचा हिस्सा ३४.८० वरून ३७.८० युरो होणार होता, तो वेगळाच. वडिलांच्या निधीतून दुसऱ्या वर्षासाठी ठेवलेली रक्कम आता एकदम न पाठवता मार्चपासून चार भागांत युरोत बदलायची, असे आम्ही ठरवले, आणि कागदावरचा दर १०० खोडून १०८ लिहिला.